दोन गटांची तुलना करायची, तर रुग्ण किती घ्यायचे? ४० आणि ५५ टक्क्यांचा पूर्ण हिशेब

सिनॉप्सिसमधलं सॅम्पल साइझचं पान उघडलं, की बहुतेक वेळा `4pq/L²` हे सूत्र समोर येतं. सीनियरच्या थिसिसमधून ज्युनियरकडे, तिथून त्याच्या ज्युनियरकडे, असं ते वारसाहक्काने चालत आलेलं असतं. सूत्र चुकीचं नाही. एखाद्या गावात रक्तदाबाचे रुग्ण किती टक्के आहेत एवढंच मोजायचं असेल, तर तेच वापरायचं. पण त्यात p, म्हणजे मोजायची टक्केवारी, एकच आहे. दुसरा गट नाही, दोन गटांतला फरक नाही. ‘या पद्धतीने त्या पद्धतीपेक्षा जास्त रुग्ण सुधारतात का?’ हा ज्याचा प्रश्न आहे, त्याला हे सूत्र काहीच सांगत नाही. तरीही ते एक आकडा देतं, आणि आकडा मिळाला की माणूस निश्चिंत होतो.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. दोन गट, प्रत्येक रुग्णाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ आणि दोन गटांतल्या टक्केवारीची तुलना, एवढाच विषय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, वाचता वाचता आकडेमोड करून पाहा.

प्रश्न एका वाक्यात

समजा, तुम्ही कोल्हापुरात पीएसएमचे रेसिडेंट आहात आणि तुमचं पोस्टिंग शिरोळ तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. रजिस्टरला रक्तदाबाचे बरेच रुग्ण आहेत, गोळ्या मिळतात, तरी अनेकांचा बीपी काही ताब्यात येत नाही. आशाताईंनी पंधरा दिवसांतून एकदा घरी जाऊन गोळ्यांची चौकशी केली तर फरक पडेल, असं तुम्हाला वाटतं.

‘आशांच्या गृहभेटींचा परिणाम’ हे शीर्षक झालं. त्यावरून आकडा काढता येत नाही. आकडा काढायला वाक्य असं हवं: नेहमीची सेवा मिळणारा गट आणि नेहमीची सेवा अधिक गृहभेटी मिळणारा गट, या दोघांमध्ये सहा महिन्यांनी बीपी १४०/९० च्या खाली असलेल्या रुग्णांचं प्रमाण वेगळं असेल का?

या वाक्यात चार गोष्टी पक्क्या झाल्या: दोन गट कोणते, मोजायचं काय, कधी मोजायचं आणि ‘हो’ कशाला म्हणायचं. यातली एक जरी ढिली राहिली तरी पुढचा आकडा ढिला. ‘सुधारणा’ या शब्दावर सॅम्पल साइझ निघत नाही. १४०/९० वर निघतो. शिवाय मुख्य निष्कर्ष एकच ठेवा. बीपी, वजन, मीठ खाणं आणि गोळ्यांची नियमितता या सगळ्यांसाठी एकच सॅम्पल साइझ असू शकत नाही. ज्याच्यासाठी अभ्यास उभा आहे त्याच्यावर हिशेब करा, बाकीच्या गोष्टी दुय्यम म्हणून मोजा.

पहिला आकडा: आत्ता काय चाललंय

नेहमीच्या सेवेत किती टक्के रुग्णांचा बीपी ताब्यात असतो, हा आपला p1. तो कुठून आणायचा?

लोक पहिल्यांदा इंटरनेटवर शोधतात आणि दिल्ली, केरळ किंवा थेट चीनमधल्या एखाद्या पेपरमधला आकडा उचलतात. तो पेपर मोठ्या इस्पितळाच्या ओपीडीतला असतो आणि तुमचा रुग्ण भर दुपारी उसाच्या फडातून येणारा असतो. त्यापेक्षा केंद्रातलं एनसीडीचं रजिस्टर उघडा. गेल्या तिमाहीत आलेल्या रुग्णांच्या शेवटच्या नोंदी पाहा आणि मोजा. आपल्या उदाहरणापुरतं धरू, की १५० जणांच्या नोंदी नीट सापडल्या आणि त्यात ६० जणांचा बीपी १४०/९० च्या खाली होता. म्हणजे ४० टक्के, p1 = ०.४०.

रजिस्टर वाचताना डोळे उघडे ठेवा. वरचा बीपी प्रत्येकाचा १३० किंवा १४० आणि खालचा ८० किंवा ९० असाच लिहिलेला दिसला, तर मोजणी अंदाजपंचे चालली आहे हे ओळखावं. आपली सीमारेषाच नेमकी १४०/९० आहे. ‘१४०/९०’ अशी बरीच माणसं रजिस्टरमध्ये असतील, तर ‘खाली’ म्हणजे १४० धरून की १४० सोडून, एवढ्या एका गोष्टीवर ४० टक्क्यांचे ५५ होऊ शकतात. अशा वेळी दोन आठवडे स्वतः डिजिटल मशीन घेऊन बसा आणि ओपीडीतल्या रुग्णांचे बीपी स्वतः मोजा. तो आकडा जास्त भरवशाचा.

१५० नोंदींवरून काढलेले ४० टक्के हासुद्धा अंदाजच असतो. खरा आकडा साधारण ३२ ते ४८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. याचा आपल्या हिशेबावर किती परिणाम होतो ते पुढे पाहू. उत्तर थोडं अनपेक्षित आहे.

दुसरा आकडा: किती फरकाला फरक म्हणायचं

सगळ्या हिशेबात महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि नेमका याच ठिकाणी सर्वात कमी विचार केला जातो.

गृहभेटींच्या गटात किती टक्के रुग्ण ताब्यात येतील, हा p2. पण तो ‘किती येतील असं वाटतं’ यावर ठरवायचा नाही. प्रश्न असा विचारायचा: किमान किती फरक पडला, तर तालुका आरोग्य अधिकारी म्हणतील की ठीक आहे, आशांना हे काम द्यायला हरकत नाही? आशांवर आधीच कामांचा ढीग आहे. प्रत्येक रुग्णामागे महिन्याला दोन फेऱ्या म्हणजे वेळ आला, मोबदल्याचा प्रश्न आला. ४० चे ४३ टक्के होणार असतील, तर एवढा खटाटोप कोणी करणार नाही. ४० चे ७० होतील असं म्हणणं म्हणजे स्वप्नरंजन. गोळी तीच, डोस तोच, फक्त आठवण करून देणं वाढलं. वैद्यकीय अधिकारी, एक-दोन अनुभवी आशा आणि गाइड यांच्याशी बोलून समजा असं ठरलं, की सरळ १५ टक्क्यांची वाढ, म्हणजे ४० वरून ५५, एवढी मिळाली तर ही पद्धत राबवण्याजोगी आहे. p2 = ०.५५.

‘१५ टक्के वाढ’ असं मोघम लिहू नका. ४० च्या १५ टक्के म्हणजे ६, आणि ४० अधिक ६ म्हणजे ४६. वाचणाऱ्याने तसा अर्थ घेतला तर सगळा हिशेब बदलतो. ‘४० टक्क्यांवरून ५५ टक्के’ असं दोन्ही आकडे देऊनच लिहा.

फरक लहान धरला की रुग्ण किती वाढतात, ते आपल्याच उदाहरणात बघा. पुढे सांगितलेल्या सूत्राने दर गटाला लागणारे रुग्ण असे येतात:

- ४० वरून ६० (फरक २०): ९७
- ४० वरून ५५ (फरक १५): १७३
- ४० वरून ५० (फरक १०): ३८७

फरक निम्मा केला की रुग्ण चौपट लागतात, कारण सूत्रात खाली फरकाचा वर्ग आहे. मार्केट यार्डात गुळाचे रवे ज्या काट्यावर तोलतात, त्यावर गुजरीतली अंगठी ठेवून उपयोग नाही; जेवढा बारीक फरक ओळखायचा तेवढा नाजूक काटा लागतो, आणि आपला काटा म्हणजे रुग्णांची संख्या.

आता उलट बाजू बघा. फरक १५ च ठेवला आणि p1 बदलला, तर ३० वरून ४५ साठी १६३ लागतात आणि ५० वरून ६५ साठी १७०. म्हणजे १६३, १७३, १७०. रजिस्टरचा आकडा ४० ऐवजी ३० किंवा ५० निघाला तरी फारसं बिघडत नाही. म्हणून p1 चा ‘बरोबर’ संदर्भ शोधण्यात आठवडा घालवून p2 दोन मिनिटांत ठरवायचा, हे अगदी उलटं काम आहे.

मात्र हे मधल्या टक्केवारीपुरतंच खरं आहे. घटना दुर्मीळ असेल तर गणित वेगळं होतं. सिझेरियननंतर टाक्यांना जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५ वर आणायचं असेल, तर ऐकायला ‘निम्मं झालं’ असं मोठं वाटतं, पण दर गटाला ४३४ बाया लागतात. दोन वर्षांच्या थिसिसमध्ये तेवढ्या मिळतील का, हे विषय घेण्याआधीच बघायला हवं.

अल्फा आणि पॉवर

यावर जास्त वेळ घालवायचं कारण नाही. प्रत्यक्षात काहीच फरक नसताना ‘फरक आहे’ असं म्हणून बसण्याची शक्यता ५ टक्के ठेवतात, तीही दोन्ही बाजूंनी. त्याचा z हा १.९६. फरक खरोखर असताना तो पकडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, किमान ८० टक्के ठेवतात. त्याचा z हा ०.८४. पॉवर ९० केली तर z १.२८ होतो आणि आपल्या उदाहरणात १७३ चे २३१ होतात. परवडत असेल तर ९० घ्या. ८० टक्के पॉवर म्हणजे खऱ्या फरकाचे पाचातले एक अभ्यास हात हलवत परतणार, हे लक्षात असू द्या.

‘गृहभेटींनी बीपी बिघडणार थोडाच, मग एकाच बाजूची चाचणी धरू’ हा युक्तिवाद रुग्ण कमी करायला वापरला जातो. एथिक्स कमिटीत एखादा जाणकार बसलेला असला, तर तो पहिला हाच प्रश्न विचारेल. दोन्ही बाजूंचीच चाचणी धरा.

हाताने हिशेब

सूत्र असं आहे. n म्हणजे एका गटातले रुग्ण. p̄ म्हणजे दोन्ही प्रमाणांची सरासरी.

```
n = [ 1.96 × √(2 × p̄ × (1 − p̄)) + 0.84 × √(p1(1 − p1) + p2(1 − p2)) ]² ÷ (p1 − p2)²
```

दिसायला अंगावर येतं, पण तुकड्यांनी केलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

सरासरी: ०.४० आणि ०.५५ ची सरासरी ०.४७५. एकातून वजा केली की ०.५२५.

पहिला तुकडा: २ × ०.४७५ × ०.५२५ = ०.४९८७५. वर्गमूळ ०.७०६२. गुणिले १.९६, म्हणजे १.३८४२.

दुसरा तुकडा: ०.४० × ०.६० = ०.२४ आणि ०.५५ × ०.४५ = ०.२४७५. बेरीज ०.४८७५, वर्गमूळ ०.६९८२. गुणिले ०.८४, म्हणजे ०.५८६५.

दोन तुकड्यांची बेरीज १.९७०७. तिचा वर्ग ३.८८३७.

खालचा फरक ०.१५, त्याचा वर्ग ०.०२२५.

३.८८३७ ला ०.०२२५ ने भागलं की १७२.६. अर्धा रुग्ण घेता येत नाही आणि खाली उतरवायचंही नाही. नेहमी वरचा पूर्ण आकडा. दर गटाला १७३, दोन्ही मिळून ३४६.

हमखास होणारी गफलत: १७३ हा दर गटाचा आकडा आहे. तोच एकूण समजून ८७ आणि ८६ असे दोन गट केलेले सिनॉप्सिस येतात. दुसरी गफलत म्हणजे टक्केवारी आणि दशांश एकत्र करणं. उत्तर ०.०१७ किंवा १७ लाख असं काहीतरी आलं, तर कुठेतरी ४० आणि ०.४० मिसळले आहेत.

यंत्राकडून पडताळणी

`OpenEpi` फुकट आहे. त्यात सॅम्पल साइझखाली `Cohort/RCT` निवडा आणि क्रमाने ९५, ८०, गटांचं गुणोत्तर १, नेहमीच्या सेवेचे ४० आणि गृहभेटींचे ५५ भरा. उत्तरात तीन ओळी येतात आणि नवखा माणूस तिथे गोंधळतो. `Kelsey` च्या ओळीत १७४, `Fleiss` च्या ओळीत १७३, आणि `Fleiss with CC` च्या ओळीत १८६. यातली दुसरी ओळ आपल्या सूत्राची. तिसऱ्या ओळीत एक सुधारणा धरलेली असते. शेवटी विश्लेषणाला यीट्सच्या दुरुस्तीसह काय-स्क्वेअर किंवा फिशरची एक्झॅक्ट चाचणी वापरणार असाल, तर १८६ घ्या. साधी काय-स्क्वेअर वापरणार असाल तर १७३ पुरे. विश्लेषण कोणतं हे आधी ठरवायचं आणि ओळ त्यानुसार; तीन ओळींतला सर्वात लहान आकडा निवडणं म्हणजे ठरवणं नव्हे.

आर वापरत असाल तर:

```r
power.prop.test(p1 = 0.40, p2 = 0.55, sig.level = 0.05, power = 0.80)
power.prop.test(n = 48, p1 = 0.40, p2 = 0.55)
```

पहिल्या ओळीचं उत्तर १७२.८ च्या आसपास येतं. हाताने १७२.६ आलं होतं, कारण आपण ०.८४१६ ऐवजी ०.८४ घेतलं. वर उचलल्यावर दोन्ही १७३.

दुसरी ओळ मुद्दाम दिली आहे. सुरुवातीच्या `4pq/L²` मध्ये p म्हणून ४०, q म्हणून ६० आणि L म्हणून १० टाका: ४ × ४० × ६० ÷ १०० = ९६. हा सिनॉप्सिसमधला लाडका आकडा. ९६ चे दोन गट केले की ४८-४८. एवढ्या रुग्णांत ४० आणि ५५ मधला फरक पकडण्याची पॉवर किती, हे ती ओळ विचारते. उत्तर येतं सुमारे ०.३१. गृहभेटी खरोखर उपयोगी असल्या तरी दहांपैकी सात वेळा तुमचा निष्कर्ष ‘लक्षणीय फरक नाही’ असा येणार, आणि थिसिसच्या शेवटी ‘गृहभेटींचा उपयोग दिसला नाही’ असं छापलं जाणार. शिवाय L चं, म्हणजे चालेल एवढ्या चुकीचं, काय? ‘१० टक्के’ म्हणजे p च्या १० टक्के, म्हणजेच ४, असं धरलं, तर त्याच सूत्रातून ६०० येतात. एकाच माहितीतून ९६ सुद्धा आणि ६०० सुद्धा.

गळती

१७३ हे शेवटी हातात उरायला हवेत. सहा महिने पाठपुरावा म्हणजे काही रुग्ण जाणारच. किती, हे गाव बघून ठरवा. ऊसतोडीच्या टोळ्यांतले मजूर कारखान्याचा हंगाम संपला की आपापल्या गावी परततात. जानेवारीत नोंदवलेला असा रुग्ण जुलैत सापडणार नाही. शिरोळसारख्या तालुक्यात पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेच्या पुराने गावंच्या गावं हलवावी लागली होती. सहाव्या महिन्याची मोजणी नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल, तर नोंदणीचा महिना पुढेमागे सरकवणं हा गळती वाढवून धरण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

आपण १५ टक्के गळती धरू. हिशेब भागाकाराने करायचा: १७३ ÷ ०.८५ = २०३.५, म्हणजे २०४. दोन्ही गट मिळून ४०८. १७३ मध्ये १५ टक्के मिळवून १९९ काढले, तर १५ टक्के गेल्यावर १६९ उरतात आणि आपण कमी पडतो.

इथे एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट आहे. सहा महिन्यांनी न आलेल्या रुग्णाचं काय करणार? त्याला हिशेबातून वगळणार असाल, तर वरचं गणित ठीक. पण कार्यक्रमाच्या दृष्टीने बरेच जण म्हणतात, की आला नाही म्हणजे बीपी ताब्यात नाही असंच धरा. हे म्हणणं योग्य असू शकतं, पण मग टक्केवारीच बदलते. ८५ टक्के लोक येणार आणि आलेल्यांत ४० व ५५ टक्के ताब्यात असणार, म्हणजे सगळ्यांत मिळून ३४ आणि ४६.७५ टक्के. फरक १५ वरून १२.७५ वर आला. या नव्या आकड्यांनी तेच सूत्र चालवलं की दर गटाला २३२ येतात, २०४ नव्हे. न आलेल्यांना ‘नाही’ धरायचं की वगळायचं, हे सॅम्पल साइझच्या आधी ठरवावं लागतं, डेटा हातात आल्यावर नाही. वगळायचं ठरवलं तर एका गटातली गळती दुसऱ्यापेक्षा खूप जास्त झाली का, तेही पाहावं लागेल. आशा ज्यांच्या घरी जातात ते परत येतात आणि दुसऱ्या गटातले येत नाहीत असं झालं, तर उरलेल्यांची तुलना सरळ राहत नाही.

रुग्ण वाटायचे की गावं?

इथपर्यंतचा सगळा हिशेब एकेका रुग्णाची चिठ्ठी काढून गट ठरवला, असं गृहीत धरून आहे. प्रत्यक्षात एकाच गल्लीत आशाताई एका घरी जाणार आणि शेजारच्या घरी मुद्दाम जाणार नाहीत, हे टिकत नाही. चौथ्या दिवशी शेजारीण विचारते, “ताई, आमच्याकडं का येत न्हाईसा?” आणि ताई दारातच उभ्या राहून तिलाही दोन गोष्टी सांगून येतात. म्हणून अशा अभ्यासात अख्खी गावं वाटतात: ही गावं गृहभेटींची, ती गावं नेहमीच्या सेवेची.

गावं वाटली की १७३ पुरत नाहीत. एका गावातल्या रुग्णांची आशा तीच, उपकेंद्र तेच, गोळ्यांचा तुटवडा असला तर तोही सगळ्यांना एकदमच. त्यामुळे ती माणसं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात आणि वीस रुग्ण वीसजणांएवढी माहिती देत नाहीत. त्यासाठी डिझाइन इफेक्टने गुणावं लागतं. तो असा: १ + (m − १) × ICC. यात m म्हणजे दर गावातले रुग्ण आणि ICC म्हणजे एका गावातली माणसं किती सारखी, याचं माप. ICC ०.०२ धरू, दिसायला नगण्य आहे.

दर गावातून २० रुग्ण: १ + १९ × ०.०२ = १.३८. १७३ × १.३८ म्हणजे २३९. दर गटाला १२ गावं, आणि गळतीसाठी दर गावातून २० ऐवजी २४ नोंदवायचे. १२ × २४ = २८८, दोन्ही गट मिळून ५७६ रुग्ण, २४ गावं.

दर गावातून १० च घेतले तर डिझाइन इफेक्ट १.१८, रुग्ण २०५, पण गावं दर गटाला २१. रुग्ण वाचले, फिरणं वाढलं. साधारणपणे गावं वाढवण्याने जेवढा फायदा होतो, तेवढा एकाच गावात रुग्ण वाढवून होत नाही. एक गाव या गटात आणि एक गाव त्या गटात, असा अभ्यास तर करूच नका. गावात दोन हजार रुग्ण घेतले तरी दिसलेला फरक गृहभेटींचा की गावाचा, हे सांगता येत नाही.

विश्लेषण करतानाही गाव लक्षात घेणारी पद्धत वापरावी लागेल. सॅम्पल साइझ गावांचा आणि शेवटी साधी काय-स्क्वेअर, असं झालं तर केलेली मेहनत वाया जाते.

सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं

सूत्राचा फोटो चिकटवू नका. वाचणाऱ्याला तुमचा आकडा स्वतः काढून पाहता आला पाहिजे, एवढीच कसोटी. भाषा इंग्रजी असली तरी मजकूर असा असावा:

‘केंद्राच्या रजिस्टरमधील १५० नोंदींनुसार नेहमीच्या सेवेत ४० टक्के रुग्णांचा बीपी १४०/९० खाली आहे. हे प्रमाण ५५ टक्के झाल्यास गृहभेटी राबवण्याजोग्या ठरतील, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी चर्चा करून ठरवले. दोन्ही बाजूंची ५ टक्के सार्थकता पातळी, ८० टक्के पॉवर आणि समान गट धरून दर गटाला १७३ रुग्ण लागतात (फ्लाइसचे सूत्र, दुरुस्तीविना). पाठपुराव्याला न आलेले रुग्ण विश्लेषणातून वगळले जातील. १५ टक्के गळती धरून दर गटाला २०४, एकूण ४०८ रुग्ण नोंदवले जातील.’

गावं वाटणार असाल तर m, ICC आणि गावांची संख्या त्यात जोडा.

४०८ मिळत नसतील तर

या टप्प्यावर बहुतेकांचा हात p2 कडे जातो. ‘५५ ऐवजी ६० धरू, ९७ वर भागतं.’ पण गृहभेटींचा परिणाम तुमच्या सोयीने वाढत नाही. फरक खरंच १५ चा असला, तर दर गटाला ९७ रुग्णांच्या अभ्यासाला तो जवळजवळ निम्म्या वेळा दिसणारच नाही. दहा-वीस रुग्णांचा पायलट करून त्यात दिसलेला फरक p2 म्हणून वापरणं हाही तसलाच प्रकार. एवढ्या थोड्या रुग्णांत दिसलेला फरक कुठेही झुललेला असतो. पायलटमधून गळती, मोजणीतल्या अडचणी आणि एका दिवसात किती रुग्ण होतात हे शिका. फरक त्यातून घेऊ नका.

प्रामाणिक वाटा तीन आहेत. एक, शेजारचं दुसरं केंद्र सामील करून घ्या. हातकणंगले किंवा करवीरमधलं एखादं केंद्र आणि बरोबरीचा रेसिडेंट मिळाला, तर काम अर्धं होतं. दोन, मोजमाप बदला. बीपी १४०/९० च्या खाली-वर अशी विभागणी केली की १४२ आणि १८० एकाच रकान्यात जातात आणि बरीच माहिती फेकली जाते. त्याऐवजी वरच्या बीपीच्या सरासरीची तुलना केली, तर बहुधा कमी रुग्णांत भागतं. त्याचं सूत्र वेगळं, आणि तिथे p ऐवजी स्टँडर्ड डेव्हिएशन लागतं. तीन, आहेत तेवढेच रुग्ण घ्या, पण तसं उघड लिहा: ‘दर गटाला ९७ रुग्ण उपलब्ध असून २० टक्क्यांहून लहान फरक पकडण्यास हा अभ्यास अपुरा आहे.’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्येच हवं. निकाल लागल्यावर, p ची किंमत ०.१८ आल्यावर पॉवर काढत बसण्यात अर्थ नाही, कारण ती पॉवर त्या p मधूनच निघते आणि नवं काहीच सांगत नाही. त्या वेळी फरकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल द्या; ‘उणे ४ ते अधिक २४’ असं दिसलं, की गृहभेटी निरुपयोगी ठरल्या नाहीत, अभ्यास लहान पडला, हे परीक्षकालाही कळतं.